शब्दचर्चा: आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर – अर्थ आधी की समीकरण आधी?

रेघोटी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षासाठी लिनियर अल्जेब्राच्या मराठी नोट्स लिहिते आहे आणि या प्रकरणापाशी अडले आहे. हाताशी असलेल्या बहुतेक नोट्स पहिल्याच ओळीत `det(A - λI) = 0` लिहून मोकळ्या होतात. मुलं वर्गसमीकरण बिनचूक सोडवतात, 5 आणि 2 अशी उत्तरं काढतात, पण "हे 5 कशाचे?" असं विचारलं की गप्प बसतात. मला आधी अर्थ सांगायचा आहे, समीकरण मागाहून.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठीत शब्द कोणता वापरावा? आणि "मॅट्रिक्स लावल्यावर ज्याची दिशा बदलत नाही तो आयगेनव्हेक्टर" एवढं सांगितलं तर पुरेसं आहे का?

भाषावेडा

शब्दापुरतं सांगतो. ‘आयगेन’ हे जर्मन विशेषण आहे, अर्थ ‘स्वतःचा’. डेव्हिड हिल्बर्टने 1904 मध्ये इंटिग्रल समीकरणांवर लिहिताना ते वापरलं आणि पुढे तेच रूढ झालं. म्हणून मला ‘स्वमूल्य’ आणि ‘स्वसदिश’ हे शब्द पटतात. ‘लाक्षणिक मूल्य’ असंही काही जण लिहितात, ते ‘कॅरेक्टरिस्टिक’वरून आलेलं दिसतं.

ओवी

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, गणित दहावीनंतर सुटलं. पण ‘लाक्षणिक मूल्य’ वाचून वाटलं, हे अभिधा-लक्षणा-व्यंजनेतल्या लक्षणेबद्दल असावं. नाहीतर ‘लाक्षणिक उपोषण’ म्हणतो तसं नाममात्र मूल्य, म्हणजे खरं नसलेलं. तसंच आहे का?

भाषावेडा

नाही, तसं नाही. इथे ‘लक्षण’ म्हणजे ओळखण्याची खूण. पण तुमची शंका रास्त आहे. वर्तमानपत्रात ‘लाक्षणिक संप’ रोज वाचणाऱ्याला ‘लाक्षणिक मूल्य’ नाममात्रच वाटणार. या शब्दाविरुद्ध हे चांगलं कारण झालं.

त्रिज्या

रेघोटीताई, शब्द कोणताही घ्या, आधी मुलांच्या हातात आलेखाचा कागद द्या. तुमची उत्तरं 5 आणि 2 आहेत, तेव्हा मॅट्रिक्स बहुधा हाच असणार:

```
A = | 4  1 |
    | 2  3 |
```

प्रतल म्हणजे मध्यबिंदूपाशी खिळलेला रबराचा पातळ पत्रा समजा. A तो ताणतो, तिरका करतो. मध्यबिंदू मात्र हलत नाही, आणि सरळ रेषा सरळच राहतात. आता मुलांना एकेक बाण काढायला सांगा. (1, 0) हा आडवा बाण गेला (4, 2) वर, म्हणजे लांबला आणि वरच्या अंगाला वळलाही. (0, 1) हा उभा बाण गेला (1, 3) वर, तोही वळला. (1, 2) गेला (6, 8) वर. वळणं प्रत्येकाचं वेगळं आहे. चार-पाच बाण झाले की (1, 1) घ्यायला सांगा. तो जातो (5, 5) वर. जरासुद्धा वळला नाही, आपल्याच रेषेवर पाचपट लांब झाला. मग (1, -2) घ्या. तो (2, -4) वर जातो, म्हणजे आपल्याच रेषेवर दुप्पट.

या दोन रेषा A च्या स्वतःच्या. त्यांवरचा शून्य सोडून कोणताही बाण आयगेनव्हेक्टर, आणि 5 व 2 हे त्या त्या रेषेवरच्या ताणाचे आकडे. तुमच्या मुलांना "5 कशाचे?" याचं उत्तर इथे मिळतं, समीकरणाचं नावही न काढता.

व्याख्येबद्दल म्हणाल तर ‘दिशा बदलत नाही’ यात एक पळवाट राहते. आयगेनव्हॅल्यू -3 असेल तर बाण उलटा फिरतो. बोलताना आपण त्याला दिशा बदलली असंच म्हणतो, तरी तो आयगेनव्हेक्टरच असतो. म्हणून ‘आपली रेषा सोडत नाही’ असं लिहावं. शून्य आयगेनव्हॅल्यूही त्यात बसते, तिथे बाण आक्रसून मध्यबिंदूवर येतो. तोही रेषेवरचाच बिंदू आहे.

सातपुडा

छान. फक्त एक भर घालतो. हे दोन आयगेनव्हेक्टर एकमेकांना काटकोनात असतात, हे नोट्समध्ये ठळक लिहा. आम्ही स्ट्रक्चरवाले प्रिन्सिपल स्ट्रेस काढतो तेव्हा हेच करतो. प्रिन्सिपल दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर, आणि त्या नेहमी परस्परांना लंब असतात. रोजचं काम आहे.

त्रिज्या

तुमच्या कामात ते नेहमी खरं आहे, या कागदावर नाही. (1, 1) आणि (1, -2) यांचा डॉट प्रॉडक्ट 1 - 2 = -1 येतो. काटकोन असता तर शून्य आला असता. स्ट्रेसचा मॅट्रिक्स सिमेट्रिक असतो, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे. अशा मॅट्रिक्सच्या वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे आयगेनव्हेक्टर लंबच असतात, आणि आयगेनव्हॅल्यू सारख्या आल्या तरी लंब निवडता येतात. वरच्या A मध्ये कर्णाबाहेर एकीकडे 1 आहे आणि दुसरीकडे 2. तुम्हाला असा मॅट्रिक्स कामात भेटतच नाही, म्हणून ‘नेहमी’ वाटतं.

सातपुडा

बरोबर, सिमेट्रिक हा शब्द माझ्याकडून राहिला. तरी माझं म्हणणं असं, की मुलांना आधी सिमेट्रिक उदाहरणच द्यावं. चित्र स्वच्छ येतं.

त्रिज्या

तिथे माझं मत वेगळं आहे. पहिलं चित्र काटकोनाचं दिलं की काटकोन हाच अर्थाचा भाग वाटू लागतो, मग तो काढून टाकायला महिना जातो.

रेघोटी

त्रिज्याताई, बाणांचा भाग उद्याच करून बघते. पण मुलं विचारणार, की (1, 1) सुचलं कसं? शंभर बाण काढत बसायचं का? इथून `det(A - λI) = 0` कडे कसं जायचं?

त्रिज्या

अगदी हाच प्रश्न त्यांच्याकडून यायला हवा, मगच समीकरण द्यायचं. असं सांगा: एखाद्या बाणावर A चा परिणाम नुसता पाचपट करण्यासारखा होत असेल, तर A मधून ‘सगळं पाचपट करणारा’ मॅट्रिक्स वजा केल्यावर त्या बाणाचं काहीच उरत नाही. तो शून्यावर जातो. करून बघा:

```
A - 5I = | -1   1 |
         |  2  -2 |
```

(1, 1) शून्यावर गेला. ती सबंध रेषाच शून्यावर गेली. आता एक अख्खी रेषा एका बिंदूत मिटली म्हटल्यावर प्रतलाला रुंदी उरणार कुठून? सगळं प्रतल एका रेषेत चेपलं जातं. इथे दोन्ही स्तंभ, (-1, 2) आणि (1, -2), एकाच रेषेवर पडलेले दिसतात. डिटर्मिनंट म्हणजे एकक चौरसाचं क्षेत्रफळ किती पट होतं तो आकडा, आणि चेपलेल्या चौरसाचं क्षेत्रफळ शून्य. म्हणून डिटर्मिनंट शून्य. उलटही खरं आहे: डिटर्मिनंट शून्य नसेल तर काहीच चेपलं जात नाही, आणि शून्यावर जाणारा बाण एकच, शून्य स्वतः.

म्हणजे `det(A - λI) = 0` विचारतं एवढंच: कोणता आकडा वजा केला तर प्रतल चेपतं? सूत्राआधी आकडे घालून बघू द्या. इथे डिटर्मिनंट (4 - λ)(3 - λ) - 2 आहे. λ ला 0 पासून 5 पर्यंत एकेक किंमत दिली, तर उत्तरं क्रमाने 10, 4, 0, -2, -2, 0 येतात. क्षेत्रफळ कमी होत होत 2 वर संपतं, मग ऋण होतं, म्हणजे पत्रा उलटा पडतो, आणि 5 वर पुन्हा शून्य. हे पाहिल्यावर λ² - 7λ + 10 = 0 लिहिलं की मुलांना ते कुठून आलं ते कळलेलं असतं. λ = 0 ला आलेले 10 म्हणजे A चं स्वतःचं क्षेत्रफळ, आणि 5 गुणिले 2 सुद्धा 10. हे त्यांना स्वतःच सापडू द्या.

हिशेबनीस

मी डेटाचं काम करतो, मला हे प्रकरण पायथनमध्येच भेटलं. `numpy.linalg.eig` ला हाच A दिला की असं मिळतं:

```
[5. 2.]
[[ 0.70710678 -0.4472136 ]
 [ 0.70710678  0.89442719]]
```

नोट्समध्ये (1, 1) आणि इथे 0.707, म्हणून नवीन आलेल्यांना वाटतं उत्तर चुकलं. चुकलेलं नसतं. बाणाची लांबी 1 केलेली असते, रेषा तीच. दुसरा तर (1, -2) च्या उलट्या टोकाकडे बघतो, तरी रेषा तीच.

खरा घोटाळा पुढे होतो. उत्तर स्तंभात असतं आणि वाचणारा ओळीत वाचतो. आमच्याकडे एका अहवालात असंच झालं, आकडे दिसायला ठीक होते म्हणून आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. पडताळा अगदी सोपा: पहिली ओळ (0.7071, -0.4472) घेऊन A लावा, येतं साधारण (2.38, 0.07). ते मूळ बाणाच्या रेषेवर कुठेच नाही. आयगेनव्हेक्टर म्हणून हाती आलेली कोणतीही गोष्ट A मधून एकदा काढायची, रेषा सोडली तर ती आयगेनव्हेक्टर नाही.

त्रिज्या

हा पडताळा नोट्समध्ये जरूर घ्या. आणि जोडीला हेही सांगा, की मोठ्या मॅट्रिक्ससाठी संगणक ते बहुपदी समीकरण सोडवत नाही. पाचव्या घातापासून पुढे सर्वसाधारण सूत्रच नाही, आणि बहुपदीच्या सहगुणकात किंचित चूक झाली तरी मुळं फार सरकू शकतात. मूळ कल्पना पुन्हा भूमितीचीच आहे. (1, 0) ला A परत परत लावा: (4, 2), (18, 14), (86, 78), (422, 406). बाण हळूहळू (1, 1) च्या रेषेकडे झुकतो, आणि दर वेळी साधारण पाचपट वाढतो. 5 चा ताण 2 च्या ताणावर मात करतो.

नवा_गडी

मग प्रत्येक मॅट्रिक्सला अशा दोन रेषा असतातच ना? मी 90 अंशांत फिरवणारा घेतला, एकही सापडली नाही.

त्रिज्या

सापडणारच नाही. प्रतलातला प्रत्येक बाण वळतो, आपल्या रेषेवर राहणारा एकही नाही. समीकरण λ² + 1 = 0 येतं, वास्तव मूळ नाही. आणखी एक करून बघा: वरच्या ओळीत 1, 1 आणि खालच्या ओळीत 0, 1. तिथे आडवी रेषा तेवढी टिकते, बाकी सगळं तिरकं होतं. समीकरण मात्र 1 हे मूळ दोनदा देतं. नुसती मुळं मोजून दोन रेषा आहेत असं मानणारा इथेच फसतो.

नवा_गडी

पण λ² + 1 = 0 ला i आणि -i ही मुळं आहेतच. मग त्यांची रेषा कुठे काढायची?

त्रिज्या

या कागदावर नाही काढता येत. सदिशांचे घटकही संमिश्र घ्यावे लागतात, आणि त्याचं सरळ चित्र माझ्याकडे नाही. परिणाम एवढा सांगता येतो, की i ची लांबी 1 म्हणून ताण नाही, आणि कोन 90 अंश म्हणून फिरणं. याहून बरं चित्र कोणाकडे असेल तर मलाही हवं आहे.

भाषावेडा

शब्दाचा निकाल राहिला. ‘स्वमूल्य’ घेताय ना?

रेघोटी

‘स्वरेषा’ हा शब्द वर्गात वापरून बघणार आहे, कारण टिकते ती रेषा. त्यावरचा बाण तो ‘स्वसदिश’. आकड्याला मात्र ‘आयगेनव्हॅल्यू’च ठेवते आहे सध्या. परीक्षेत तोच शब्द येतो, आणि ‘स्वमूल्य’ म्हटलं की मुलांना स्वतःची किंमत आठवते.

सातपुडा

‘स्वरेषा’ आवडला. सिमेट्रिक उदाहरण मात्र दुसऱ्या पानावर तरी घ्या.