ताडपत्री फाटकी, पॅनल ओले : भरपाई भाड्याच्या दहापटीवरच थांबावी का?

पॅनलवाला (अंबड)
अंबडला माझा छोटा गाळा आहे, कंट्रोल पॅनल बनवतो. ८ जुलै २०२५ ला सहा पॅनल कोइमतूरला पाठवले. माल ७ लाख २० हजारांचा, भाडं १८,५००. १३ जुलैला गाडी पोचली तेव्हा ताडपत्री फाटलेली होती. दोन पॅनल आतून भिजले, २ लाख ४० हजारांचा माल वाया गेला. गिऱ्हाइकाने पोचपावतीवर 'दोन नग ओले' असं लिहूनच सही केली. इन्शुरन्स काढला नव्हता, ती माझी चूक. पाच महिने ट्रान्सपोर्टवाले 'हेड ऑफिसला कळवलंय' म्हणत राहिले. आता म्हणतात, बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' छापलंय आणि कायद्याने फार तर भाड्याच्या दहापट द्यावे लागतात. माल त्यांच्या ताब्यात भिजला, मग पूर्ण नुकसान का नाही द्यायचं? मत सांगा.

आडगाव नाका
दादा, मी स्वतः ट्रान्सपोर्टमध्ये आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण दहापटीची मर्यादा बरोबर आहे असंच माझं मत आहे. हा आमचा मनमानी नियम नाही. २००७ चा रस्ते माल वाहतुकीचा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम तसं सांगतात. कोइमतूरच्या १८,५०० मधून डिझेल, टोल, ड्रायव्हर, हमाली वजा केली की हातात काय राहतं ते मला विचारा. तेवढ्या पैशांत मी सव्वासात लाखांच्या मालाचा विमा कंपनीसारखा जामीन कसा राहणार? लोखंडी सळईला आणि पॅनलला वजनावर जवळपास तेच भाडं मिळतं. ज्याला पूर्ण जोखीम आमच्यावर टाकायची आहे त्याने जादा जोखमीचा दर भरावा, कायद्यात सोय आहे. आणि जुलैमधला पाऊस काही आम्ही पाडत नाही.

सातपूरकर
पॅनलवाले, घाबरू नका. बिल्टीवर मालाची किंमत लिहिली होती ना? ई-वे बिलातही असेलच. किंमत जाहीर केली की पूर्ण भरपाई मिळते, दहापटीचं कलम किंमत न सांगणाऱ्यांसाठी आहे. घाईचीही गरज नाही. नोटिशीला नुकसान कळल्यापासून सहा महिने मिळतात, म्हणजे १३ जानेवारीपर्यंत वेळ आहे. आधी गोडीगुलाबीने बघा.

गोदाकाठ
सातपूरकर, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे यांचा दावा बुडू शकतो, म्हणून आधी तेवढंच लिहिते. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

'नुकसान कळल्यापासून सहा महिने' हा १८६५ च्या जुन्या कायद्याचा हिशोब. तो कायदा १ मार्च २०११ ला गेला. आताच्या कायद्याच्या कलम १६ मध्ये १८० दिवस आहेत आणि ते बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. माल कधी पोचला, नुकसान कधी दिसलं, याचा संबंध नाही. बुकिंगचा दिवस सोडून मोजलं तर ८ जुलैपासूनचा १८० वा दिवस ४ जानेवारी २०२६ येतो, आणि त्या दिवशी रविवार आहे. त्याच्या आत लेखी नोटीस वाहतूकदाराच्या हातात पडली पाहिजे. ती गेली नाही तर पुढचा दावा दाखलच होऊ शकत नाही, मग तुमची बाजू कितीही खरी असो. दाव्याला तीन वर्षं असतात, ती वेगळी मुदत. बरेच जण ती तीन वर्षं धरून बसतात आणि नोटीस विसरतात.

मी बावीस वर्षं मालवाहतुकीच्या विम्याचे दावे बघितले. 'हेड ऑफिसला कळवलंय' या वाक्यावर विसंबून मुदत घालवलेले कितीतरी लोक समोर बसून रडलेले पाहिले आहेत. पॅनलवाले, हा आठवडा जाऊ देऊ नका. नोटिशीत बिल्टी नंबर, बुकिंगची तारीख, गाडी नंबर, सहापैकी कोणते दोन नग, काय बिघडलं आणि किती रुपये मागता, एवढं सरळ लिहा. सोबत शेरा असलेली पोचपावती, बिल आणि ताडपत्रीचे फोटो लावा. बुकिंग ऑफिस आणि बिल्टीवरचं हेड ऑफिस, दोन्हीकडे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. आधीचे ईमेल असतील तर तेही जोडा, पण फक्त त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

आता किमतीचं. बिल्टीवर किंमत लिहिल्याने दहापटीची मर्यादा उठत नाही. मर्यादा दहापट भाड्याची, आणि ती रक्कमही जाहीर किमतीच्या वर जाणार नाही, असं ते आहे. म्हणजे जाहीर किंमत हे वरचं छप्पर झालं, पूर्ण भरपाईचा हक्क नव्हे. पूर्ण मिळवायची वाट जादा जोखमीच्या दरातूनच जाते, हे आडगाव नाका यांचं म्हणणं खरं आहे. साधा हिशोब केला तर १,८५,००० वर हात टेकतात आणि ५५,००० तुमच्या अंगावर राहतात.

पण 'ओनर्स रिस्क' छापलं म्हणून सगळं झटकता येत नाही. निष्काळजीपणा झाला हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, तो झाला नाही हे वाहतूकदाराने दाखवायचं असतं. आणि आडगाव भाऊ, पावसाबद्दल म्हणाल तर नैसर्गिक आपत्तीची सूट आहे, पण योग्य काळजी घेऊन नुकसान टाळता आलं असतं तर ती मिळत नाही. जुलैत घाट उतरणाऱ्या गाडीला पाऊस लागणार हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. फाटकी ताडपत्री ही काळजीचीच कसूर आहे.

आडगाव नाका
ताई, ताडपत्रीचं मान्य. माझ्या गाडीवर असं झालं असतं तर मी ड्रायव्हरला उभा केला असता. पण १,८५,००० हा आकडा तुम्ही सहा पॅनलच्या भाड्यावर काढलात. भिजले दोनच. दोन नगांचं भाडं धरलं तर सहा हजार एकशे सदुसष्टच्या आसपास येतं, त्याची दहापट साधारण ६१,६७०. चार नग धडधाकट पोचवले, त्यांच्या भाड्याचाही दंड आम्हीच का भरायचा?

आणि जादा दराबद्दल एक सांगतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तो दर कुणी मागितलेला नाही. भाड्यात पाचशे रुपये कमी करा म्हणून भांडणारे मात्र रोज येतात.

कांदा_पिंपळगाव
माझं पण असंच झालं आहे. मागच्या वर्षी पिंपळगावहून कोलकात्याला कांदा पाठवला. दलालाने गाडी लावून दिली. गाडी तीन दिवस उशिरा पोचली, गोणी उघडल्या तर खाली चिखल. व्यापाऱ्याने निम्मा दर दिला. गाडीमालक म्हणाला माझा करार दलालाशी, दलाल म्हणाला मी फक्त गाडी मिळवून दिली. मला दहापट मिळेल का? भाडं मोठं होतं, दहापटीत माझा सगळा कांदा भागतो.

गोदाकाठ
काका, तुमचा प्रश्न उशिराचा आहे, त्याचं गणित वेगळं. किती दिवसांत पोचवायचं ते माल पाठवण्याच्या नोंदपत्रात ठरलेलं असेल, तर त्या मुदतीतल्या उशिराची जबाबदारी फार तर भाड्याएवढी. मुदत उलटल्यावर मग दहापटीचा प्रश्न येतो. दलालाने मात्र अंग काढून घेऊ नये, कारण कायद्याने वाहतूकदारात दलाल आणि बुकिंग एजंटही धरले आहेत. पण काका, बुकिंग मागच्या वर्षीचं ना? १८० दिवसांत लेखी काही दिलं होतं का?

कांदा_पिंपळगाव
नाही ताई. फोनच केले सगळे. बिल्टी पण नव्हती, नुसता गाडी नंबर.

गोदाकाठ
मग तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पुढच्या गाडीला बिल्टीशिवाय माल चढू देऊ नका, आणि पोचायची तारीख लिहून घ्या.

आडगाव भाऊ, तुमच्या सहापैकी दोनच्या हिशोबावर. नियमात भाड्याची दहापट म्हटलंय, नगवार वाटणी करा असं म्हटलेलं नाही. भाडं एका बिल्टीचं, एका मालाचं ठरलं होतं. म्हणून मी १,८५,००० च मागायला सांगेन. तुमच्या बाजूने वकील उलट मांडणी करेल हेही कळतं, आणि न्यायाधीश कुठे झुकतील यावर मी पैज लावणार नाही.

माझा खरा आक्षेप मर्यादेवर नाहीच. तुम्ही म्हणता जादा दर कुणी मागत नाही. तो दर लोकांना दिसतो का? जादा दर घ्यायचा तर तो इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत छापून आपल्या जागेत लावायला कायदा सांगतो. द्वारका ते आडगाव किती बुकिंग ऑफिसात मराठीत असा फलक आहे? माणसाला निवडच दाखवली नाही आणि नंतर 'तू स्वस्त दर निवडलास' म्हटलं, हे मला पटत नाही. मर्यादा राहू द्या, पण ती बुकिंगच्या वेळी तोंडावर सांगा.

आडगाव नाका
फलक माझ्याही ऑफिसात नाही, हे खरं आहे. लावायला हवा. पण फलक नव्हता म्हणून मर्यादाच उडाली, असं मी मानणार नाही. तेवढ्याने मी पूर्ण विमा कंपनी होत नाही. कारखानदारानेही नोंदपत्र भरून, सही करून द्यायचं असतं, त्यात किंमत त्याने जाहीर करायची असते. ते कोण देतं? गाडी लागली की 'भरा, निघा' एवढंच ऐकू येतं.

सातपूरकर
तारखेबद्दल माझं चुकलं, गोदाकाठ ताईंचे आभार. मला एका जुन्या केसवरून तसं वाटत होतं. पण मग ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसानेच माल चोरला तरी दहापटच का?

गोदाकाठ
वाहतूकदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या गुन्ह्यामुळे नुकसान झालं तर त्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे. तिथे दहापटीची मर्यादा लागू नये असं माझं मत. पण त्या कलमातले 'नोंदपत्रानुसार' हे शब्द वाहतूकदारांचे वकील पकडतात, आणि नोंदपत्रच नसेल तर वाद अजून गुंततो.

पॅनलवाला (अंबड)
आज फाईल काढून बसलो. नोंदपत्र म्हणून माझ्याकडून कधीच सही घेतलेली नाही, फक्त बिल्टी आहे. बिल्टीवर किंमत आहे, पण जादा दराचा रकाना कोरा. बुकिंग ऑफिसात जाऊन आलो, भिंतीवर फलक नाही. तारखेसह फोटो काढला आहे. नोटीस लिहिली. मागणी २,४०,००० ची करू की १,८५,००० ची?

गोदाकाठ
नुकसान पूर्ण लिहा. नोटिशीतच आकडा कमी केलात तर पुढे वाढवायला जड जातं. फलक आणि नोंदपत्राचा मुद्दा एका परिच्छेदात मांडा.

आडगाव नाका
पूर्ण मागितलं तर ते अडून बसतील. मी त्यांच्या जागी असतो तर दीड लाखाला बसून मिटवलं असतं.

पॅनलवाला (अंबड)
बसायला तयार आहे दादा, पण नोटीस आधी जाईल. दोन्ही पत्त्यांवर उद्या सकाळी स्पीड पोस्ट करतो.