मदत हवी आहे: दसरा-दिवाळीआधी खरेदी आणि सेल्सला भेटवस्तूंबद्दल मेल पाठवायचा आहे

निशा_चाकण
चाकण एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. खरेदी आणि सेल्स या दोन्ही टीमना सणाआधी आठवणीचा मेल पाठवायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षीचा मेल म्हणजे "सर्वांनी आचारसंहितेचे पालन करावे, पॉलिसी सोबत जोडली आहे" एवढंच. पीडीएफ कुणी उघडली असेल असं वाटत नाही, कारण धनत्रयोदशीच्या आठवड्यात रिसेप्शनमागे खोक्यांची थप्पी लागली होती.

आमची मर्यादा एका वेंडरकडून वर्षाला एक हजार रुपये, आणि रोख अजिबात नाही. तरी हे घडलं: एका बायरच्या बाणेरच्या घरी कुरियरने ड्रायफ्रूटचा डबा आला. तळाशी चांदीचं नाणं आणि दोन हजारांचं गिफ्ट कार्ड. त्याच वेंडरची दरवाढीची फाइल याच बायरच्या टेबलावर होती. त्याने स्वतःहून येऊन सांगितलं, पण बाकीचे म्हणाले, "डबा तर आठशेचाच आहे, मर्यादेत बसतो." असं काही मेलमध्ये कसं लिहायचं? कुणाकडे मसुदा आहे का?

खरेदीत_गेली_हयात
ताई, आधी वेळ बघा. वेंडर लोक खोक्यांच्या ऑर्डरी पितृपक्षातच देऊन मोकळे होतात. मेल धनत्रयोदशीला गेला तर माल गाडीत चढलेला असतो. त्यामुळे वेंडरांना पत्र गणपती उठले की लगेच, आणि आपल्या माणसांना मेल घटस्थापनेच्या आत. खंडेनवमीला मशिनची पूजा होते, तेव्हाच पहिले पेढे येतात.

आता तुमचा डबा. त्यात तीन वस्तू आहेत आणि तिन्हींचा हिशोब वेगळा. कार्ड म्हणजे रोखच, त्याला हजाराची मर्यादा लागूच होत नाही. नाण्याचंही तेच, सराफाकडे नेलं की पैसे हातात. राहिला सुका मेवा. एरवी तो चालला असता, पण दरवाढीची फाइल उघडी असताना त्या वेंडरकडून पेढासुद्धा नको. मेलमध्ये हे वाक्य ठळक टाका: ज्याचं कोटेशन, दर, रिजेक्शन किंवा थकलेलं बिल तुमच्या हातात आहे, त्याच्यासाठी मर्यादा शून्य.

मी काय करायला लावलं असतं ते सांगतो. नाणं आणि कार्ड पत्रासोबत परत, पोचपावती फाइलला. डबा ऑफिसच्या पँट्रीत. रजिस्टरमध्ये तारीख, कुणी दिलं, काय होतं, अंदाजे किंमत, काय केलं. आणि ती दरवाढ दुसऱ्या माणसाने तपासायची. बायर प्रामाणिक आहे हे मान्य, पण उद्या दर वाढवून दिला तर त्याच्याकडेच बोट जाईल.

एक प्रश्न मात्र राहतोच. त्या वेंडरला बाणेरचा पत्ता दिला कुणी? ऑफिसात येणारं खोकं चार जण बघतात, घरी येणारं कुणी बघत नाही. घरचा पत्ता किंवा बायकोच्या नावाचं पार्सल दिसलं की तिथे थांबायचं.

आकडेमोड_सदाशिव
उगाच घाबरवताय. पन्नास हजारांपर्यंतची भेट करमुक्त असते. म्हणजे सरकारलाच मान्य आहे, मग कंपनीने हजारावर का अडावं?

खरेदीत_गेली_हयात
साहेब, ती सवलत प्राप्तिकराची, आणि तीही धंद्याशी संबंध नसलेल्या भेटीची. वेंडरने बायरला दिलेली वस्तू कामाच्या नात्यातून आलेली आहे. कर बसत नाही म्हणून ती लाच नाही, असं कुठल्याच कायद्यात नाही. हां, तुमची टीम डीलरना महागड्या वस्तू वाटत असेल तर तुमचा मुद्दा कामाचा आहे: वर्षाला वीस हजारांवर गेलं की दहा टक्के टीडीएसचा प्रश्न येतो. ते अकाउंट्सला विचारा.

भोसरी_जॉबवर्क
मी पलीकडच्या बाजूचा. आमचं छोटं वर्कशॉप. सगळे म्हणतात वेंडर बिघडवतात. नवरात्रात आम्हाला फोन येतो, "यंदा काय विशेष?" नाही म्हटलं की दिवाळीनंतर माल इनवर्डला अडकतो, बिल महिना-दीड महिना पुढे जातं. त्या मोठ्या कंपनीचं "भेटवस्तू देऊ नये" पत्र माझ्या भिंतीवर चिकटवलेलं आहे, आणि फोन करणारा त्याच कंपनीचा. तक्रार करायचा नंबर पत्रात आहे, पण तो उचलणारा खरेदीतलाच माणूस.

निशा_चाकण
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वेंडरच्या पत्रात तक्रारीसाठी खरेदीबाहेरचा माणूस द्यायला हवा. ऑडिटवाल्यांना विचारते.

बुलेट_पुणेकर
आमच्या सोसायटीत वॉचमनला दिवाळी देतो, तीही लाच का? 😀

खरेदीत_गेली_हयात
तुमच्या पार्किंगचा निर्णय त्याच्या हातात असेल तर विचार करा. पुढे चला.

सेल्सवाली_पिंपरी
सेल्सचा मेल वेगळाच हवा. खरेदीवाले घेतात, आम्ही देतो. आमच्यात मोठी चूक होते ती ग्राहक ओळखण्यात. सरकारी कंपनीत पगार घेणारा इंजिनियर स्वतःला सरकारी माणूस समजत नाही, आमची पोरंही समजत नाहीत. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ त्याला लोकसेवकच धरतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि कंपनीच्या फायद्यासाठी दिलं असेल तर कंपनीवरही खटला होतो. जबरदस्तीने द्यावं लागलं तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं, तरच सुटका.

दुसरं, "आम्ही काही दिलं नाही, डिस्ट्रिब्युटरने दिलं" हे चालत नाही. तुमच्या वतीने काम करणारा एजंट, लायझनवाला, सगळे त्यात येतात. म्हणून सेल्सचा मेल त्यांनाही गेला पाहिजे.

खासगी ग्राहकाला हा कायदा तसा लागू होत नाही. पण त्याची स्वतःची पॉलिसी असते, आणि ब्रिटनमध्ये व्यवसाय असलेल्या कंपन्यांना तिथला २०१० चा कायदा खासगी लाचेलाही लागू होतो. पाठवण्याआधी ग्राहकाची मर्यादा विचारून घ्या.

आकडेमोड_सदाशिव
एवढं असेल तर मर्यादाच काढून टाका. सरळ शून्य. हजार लिहिलं की वेंडर नऊशे नव्व्याण्णवचं खोकं आणणार.

खरेदीत_गेली_हयात
शून्य लिहिलं की लोक कॅलेंडरसुद्धा लपवायला लागतात आणि रजिस्टर कोरं राहतं. मला नोंद झालेला हजार परवडतो.

सेल्सवाली_पिंपरी
मला सदाशिवरावांचं पटतं, निदान खरेदीपुरतं.

निशा_चाकण
मर्यादेचं आम्ही ठरवू. खरेदीचा मसुदा असा केलाय, बघा:

"मित्रांनो, दसरा-दिवाळीत वेंडरकडून रोख, गिफ्ट कार्ड, सोन्याचांदीचं नाणं काहीही घ्यायचं नाही, किंमत कितीही असो. ज्याची फाइल तुमच्याकडे चालू आहे त्याच्याकडून मिठाईही नाही. घरी काही आलं तर न उघडता दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणा आणि रजिस्टरला नोंदवा. नोंदवणाऱ्याला कुणी जाब विचारणार नाही. वेंडरकडे काही मागणं हे घेण्यापेक्षा गंभीर धरलं जाईल."

खाली एचआरची नाही, खरेदीप्रमुखांची सही.

खरेदीत_गेली_हयात
छान. "न उघडता" काढा. तुमच्या बायरने डबा उघडला म्हणून तर नाणं कळलं. "जसं आलं तसं, आतल्या सगळ्या वस्तूंसह" लिहा.

भोसरी_जॉबवर्क
आणि डायरेक्टर साहेबांच्या घरी जी खोकी जातात, ती कुठल्या रजिस्टरला? आमच्याकडून सगळ्यात भारी डबा तिकडेच जातो.

निशा_चाकण
तेच विचारलं होतं. "ते वरचं आहे, तुम्ही मेल काढा" असं उत्तर आलं. मेलमध्ये "सर्व पदांना लागू" ही ओळ टाकून मसुदा मंजुरीला पाठवते. ती ओळ राहते की कापली जाते ते इथे कळवेन.