मदत हवी आहे: वजाच्या पुढं काय असेल?

मंडळी, बाबांनी कापूस जिनवर नेला होता. चिठ्ठीवर एवढंच दिसतं: १२.४० × ७१०० −. पुढचा कोपरा चहात भिजून गेला. शेवटी = असतं तर सोपं होतं, ८८,०४० रुपये. पण वजा आहे, म्हणजे काहीतरी कापलंय. किती, हाच प्रश्न.

हाती आले ८७,४२०. म्हणजे ६२० कापले. त्याला १२.४० नं भागलं की बरोबर ५० येतात, म्हणून क्विंटलमागं ५० ची कपात असावी. वजनातली कटती धरली तर साधारण ८.७ किलो येतात, असा अडनिडा आकडा कोण लावतं?

तुमच्याकडं हमाली-तोलाई अशीच क्विंटलमागं कापतात का? बाबांना विचारलं तर म्हणतात, "राहू दे ना बापा."