शब्द काढून घेतले तर विचार मरतो का?

टीवायची निशा: आम्हाला ऑर्वेलची '१९८४' आहे. प्रश्न असा: घोषणा आणि न्यूस्पीक, म्हणजे कादंबरीतल्या सत्ताधारी पक्षाने बनवलेली नवी भाषा, यांतून सत्ता विचार कसा घडवते? "लोकांचं ब्रेनवॉशिंग होतं" या वाक्यापुढे माझं पान सरकत नाही. शब्द काढले म्हणून माणूस विचार करायचा थांबतो का खरंच?

जुना वाचक: कॅन्टीनचा प्रसंग काढ. न्यूस्पीकच्या शब्दकोशाची अकरावी आवृत्ती करणारा साइम नायक विन्स्टनला खुशीत सांगतो, आम्ही शब्द वाढवत नाही, मारतोय. 'वाईट' कशाला हवा, 'अचांगलं' पुरे. उत्तम, झकास, अप्रतिम यांच्याऐवजी 'अधिकचांगलं', फार तर 'दुप्पट-अधिकचांगलं'. वाचताना गंमत वाटते. पण 'वाईट' म्हणताना माणूस स्वतः निवाडा देतो. 'अचांगलं' म्हणजे ठरलेल्या चांगल्यापेक्षा थोडं कमी, आणि काय चांगलं ते पक्षानेच ठरवलेलं.

मग कादंबरीच्या शेवटी न्यूस्पीकवर जोडलेल्या परिशिष्टातला 'फ्री' घे, मराठीत 'मुक्त' धर. कुत्रा उवांपासून मुक्त, शेत तणापासून मुक्त, इतकं म्हणता येतं. शब्द शिल्लक आहे, पण माणसाला तो लावायची सोय उरलेली नाही.

गच्चीवरून: हे सगळे लिहितात. पण कादंबरी नीट वाचली तर न्यूस्पीक अजून कुणाची बोलीच नाही. जुनी भाषा पूर्ण हटायला २०५० साल उजाडणार होतं. विन्स्टन डायरी जुन्या इंग्रजीतच लिहितो. पंच्याऐंशी टक्के प्रजा, म्हणजे पक्षाबाहेरचे कष्टकरी प्रोल, तर तिच्या वाऱ्यालाही नाही. तरी राज्य घट्ट चाललंय, कारण पोलीस आहेत आणि जुने कागद रोज बदलले जातात. चॉकलेटचं बघ. काल सांगितलं, रेशन आठवड्याला वीस ग्रॅमवर उतरवणार. आज बातमी, वीसवर *वाढवल्याबद्दल* मिरवणूक निघाली. 'वाढवणे' हा जुनाच शब्द आहे. मोडली ती आठवण.

जुना वाचक: चॉकलेटचा मुद्दा मान्य. पण ती बातमी येते त्याच टेबलावर, साइमचं व्याख्यान संपल्यावर. विन्स्टनचा शेजारी पार्सन्स ती बिनडोकपणे गिळतो, आणि साइमसुद्धा गिळतो! फक्त त्याला दुहेरी विचाराची, म्हणजे दोन उलट गोष्टी एकदम खऱ्या मानायची, कसरत करावी लागते. घोषणा हीच कसरत शिकवतात. 'युद्ध म्हणजे शांतता' यात एकही नवा शब्द नाही. दोन उलट शब्द 'म्हणजे'ने बांधले आणि ते सत्य मंत्रालयाच्या भिंतीवर रोज दिसत राहिले, की उलटेपणा टोचेनासा होतो. पुढे पक्षाचा बडा अधिकारी ओब्रायन कैदेतल्या विन्स्टनला सांगतो, 'स्वातंत्र्य म्हणजे गुलामी' उलटंही वाच: गुलामी म्हणजे स्वातंत्र्य. एकटा माणूस हरतोच, पक्षात विरघळला तर अमर होतो. म्हणजे घोषणेला तर्कही दिलाय, आणि तोच जास्त भयंकर.

कोल्हापुरी तात्या: मग शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही हाच प्रकार का? फारसी शब्द काढलेच की.

जुना वाचक: नाही हो तात्या. तिथे फारसी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द दिला. काढला त्याच्या बदल्यात दुसरा आहे, कल्पना शाबूत. साइमच्या कोशात बदली काही मिळत नाही.

बीपीओतला: आमच्या कंपनीत माणसं काढली तेव्हा मेलमध्ये 'राइटसायझिंग' होतं. 'काढलं' शब्द एकदाही नाही. कॅन्टीनमध्ये मात्र सगळे म्हणत होते, "आपला नंबर कधी?"

गच्चीवरून: हेच म्हणतोय मी! गोड शब्दाने कुणी फसलं नाही.

जुना वाचक: कारण 'काढलं' हा शब्द तुमच्याकडे होता. तिथे सक्तमजुरीच्या छावणीला 'जॉयकॅम्प' म्हणतात, आणि पुढच्या पिढीला दुसरं नाव माहीतच नसणार. लघुरूपांचंही तसंच. परिशिष्टात 'कॉमिन्टर्न'चं उदाहरण आहे. 'कम्युनिस्ट इंटरनॅशनल' हे पूर्ण नाव उच्चारलं तर लाल झेंडे, मार्क्स, पॅरिस कम्यून डोळ्यांपुढे येतात, म्हणून क्षणभर तरी थांबावं लागतं. 'कॉमिन्टर्न' विचार न करताच तोंडातून जातं.

गच्चीवरून: पुढची पिढी, पुढची पिढी. कादंबरीत ती दिसत नाही. उलट ते परिशिष्ट भूतकाळात, साध्या इंग्रजीत लिहिलंय. म्हणजे २०५० फसलंच ना?

जुना वाचक: असा अर्थ बरेच जण काढतात. मला तो ओढूनताणून वाटतो. ऑर्वेलला साधं टिपण द्यायचं असेल.

गच्चीवरून: नावं गायब करणारा माणूस साधं टिपण देईल? साइम नाहीसा झाल्यावर बुद्धिबळ समितीची यादी आठव. खाडाखोड नाही, फक्त एक नाव कमी.

टीवायची निशा: दहा मार्क, दीड पान. आधी 'मुक्त' घेते, मग चॉकलेट, आणि साइमही गिळतो हे नक्की घालते. पण परिशिष्ट कुठंय? माझी झेरॉक्स शेवटच्या प्रकरणावरच संपते.