जास्त वितळबिंदू म्हणजे जास्त स्थिर?

>> "ज्या प्रथिनाचा वितळबिंदू जास्त, ते खोलीच्या तापमानालाही जास्त स्थिर असणार ना?"

नाही, तसं धरून चालू नका. वितळबिंदूला घडीचं आणि उलगडलेलं रूप निम्मं-निम्मं असतं आणि ΔG, म्हणजे उलगडण्याच्या मुक्त ऊर्जेतला फरक, शून्य असतो; ΔG जितका जास्त, तितकं प्रथिन स्थिर. तिथून 25 अंशांपर्यंत खाली येताना ΔG किती चढतो, हे वितळबिंदूवर उलगडण्याची एन्थाल्पी ΔHm आणि दोन्ही रूपांच्या उष्माधारकतेतला फरक ΔCp ठरवतात. खाली Tm म्हणजे वितळबिंदू, T म्हणजे आपल्याला हवं ते तापमान, दोन्ही केल्विनमध्ये.

```
ΔG(T) = ΔHm(1 − T/Tm) − ΔCp[(Tm − T) + T ln(T/Tm)]
```

हिशेबासाठी मनानेच दोन प्रथिनं घेऊ. दोन्हींचा ΔCp 6 किलोज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. पहिल्याचा Tm 333 केल्विन, ΔHm 400 किलोज्यूल. 298 केल्विनला पहिलं पद 42 येतं, दुसरं 11.4, म्हणजे ΔG साधारण 30.6. दुसऱ्याचा Tm 338, पण ΔHm 300 च. तिथे 35.5 वजा 14.8, म्हणजे 20.7. पाच अंश उशिरा वितळणारं प्रथिन 25 अंशांना दहा किलोज्यूलने कमी स्थिर!

मात्र उलगडणं परतीचं असेल, म्हणजे थंड केल्यावर घडी परत बसत असेल, तरच हे सूत्र लावा. बेळगावात एमएस्सीला असताना मी अंड्यातलं लायसोझाइम तापवलं, उष्णता-तापमानाच्या आलेखात उलगडण्याचं सुरेख शिखर आलं आणि लगेच ΔG काढून मोकळा झालो. सरांनी विचारलं, "तोच नमुना थंड करून परत तापवलास काय?" तापवला, तर शिखर जवळजवळ गायब. नळीत बघितलं तर द्रावण दुधाळ, तळाशी पांढरे कण. प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून साकळले होते, म्हणजे समतोल नव्हताच. आम्लधर्मी बफरमध्ये तोच प्रयोग केल्यावर दुसऱ्या फेरीतही शिखर परत आलं, तेव्हाच ते आकडे वहीत लिहिले.