पोट तेच, साखर कमी

"वजन ८४ वरून ७९ झालं, पोट तर तसंच दिसतंय. मग उपाशीपोटीची साखर १५२ वरून ११८ कशी आली?"

पोटावरची चरबी दिसते, यकृतातली दिसत नाही. आणि वजन उतरायला लागलं की ती लवकर आटते. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं. चरबी साठलेलं यकृत इन्शुलिनचं 'आता पुरे' ऐकत नाही, म्हणून काही न खाताही सकाळचा आकडा चढतो. पाच किलोंत ते पुन्हा ऐकायला लागलंय. जेवणानंतरची साखर मात्र सावकाश उतरते, कारण इन्शुलिन बनवणारं स्वादुपिंड सावरायला वेळ घेतं. जुन्या मधुमेहात ते पुरतं सावरतही नाही.

साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे का? वजन उतरल्यावर त्याच डोसने साखर फार खाली जाऊ शकते. जेवणाआधी हात थरथरून घाम फुटला तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना डोसबद्दल विचारा.