पाण्याची उपमा जाड तारेपाशी थांबवावी

"पंप म्हणजे सेल, नळी म्हणजे तार, अरुंद नळी म्हणजे जास्त रोध. इथपर्यंत उपमा चोख बसते, मग ती मोडते कुठे?"

मोडते ती याच अरुंद नळीपाशी. लांबीचं गणित जुळतं, जाडीचं जुळत नाही. संथ वाहणाऱ्या पाण्याचा भिंतीलगतचा थर जवळजवळ थांबलेला असतो आणि मधलं पाणी सर्वांत वेगाने जातं. म्हणून दाब तोच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर प्रवाह सोळापट होतो. तारेत मात्र डीसी प्रवाह संपूर्ण छेदात सारखा पसरतो, त्यामुळे दुप्पट व्यासाला तो चौपटच होतो.

हे आधी सांगू नये. मुलांना नळीवरून अंदाज लिहायला लावावा आणि मग मोजावं. नायक्रोमची 1 मीटर तार 0.4 मिमी व्यासाची असेल तर रोध साधारण 8.8 ओहम येतो, 0.8 मिमीची असेल तर 2.2. एक गफलत इथे हमखास होते: फक्त अमीटर वाचला तर सेलच्या अंतर्गत रोधामुळे प्रवाह चौपटही दिसत नाही, तिप्पट-साडेतीनपट भरतो, आणि मुलं दोन्ही नियम खोटे ठरवतात. व्होल्टमीटर थेट तारेच्या टोकांना लावून V/I काढावं. तार तापली की आकडे थोडे सरकतात, तेव्हा वाचन झालं की लगेच कळ बंद करावी.

कापलेल्या तारेचा प्रश्नही याच तासाला घ्यावा. कापलेल्या नळीतून पाणी सांडतं, तार कापली की प्रवाहच थांबतो.